शेवटच्या सेशनला ताईंना दिलेलं पत्र

"समुपदेशनाने नक्की बदलतं काय? राग यायचा बंद होतो का?"

माझा तरी बंद नाही झाला. गेल्या आठवड्यात शेवटचं सेशन झालं तेव्हा माझ्या समुपदेशक ताईंना हे लिहून दिलं, तेच इथे टाकते.

ताई, मनापासून थँक्यू. पहिल्या दिवशी मी म्हणाले होते की मी तापट आहे, नवऱ्याला यायला उशीर झाला की दारातच भांडते. तुम्ही वहीत 3 रकाने आखायला लावलेत, काय घडलं, अंगात काय जाणवलं, मनात कुठलं वाक्य आलं, आणि तेही भांडताना नाही, डोकं शांत झाल्यावर लिहायचं. पहिले 15 दिवस मी सगळीकडे नुसतं 'राग' लिहीत होते. मग एकदा लक्षात आलं की आवाज चढायच्या आधी पोटात खड्डा पडतो आणि वाक्य असतं, 'याला काही झालं तर नसेल?' बाबा असेच एका रात्री घरी आले नव्हते ना. म्हणजे आधी भीती, राग तिच्या मागून. आता त्याला सरळ सांगते, मला भीती वाटते रे, निघालास की मेसेज कर. भीती अजून येते, 10 पैकी 6 तरी, पण आता ती भीती म्हणूनच कळते. परवा बाबांसाठी रडले, 11 वर्षांनी.