मदत हवी आहे: पुतणीच्या वजाबाक्या तपासल्या, पण समजवावं कसं?

गुरुजी-ताईंनो, फोटोत पुतणीची वही आहे, तिसरीची. उत्तरं तिनंच भरली. 85−32=53 बरोबर आहे. पण 63−28=45 अन् 402−157=355, या दोन्हींवर मी लाल गोल केला; पाहिजे होतं 35 अन् 245.

विचारलं तर म्हणते, "काका, तीनातून आठ जात नाही, म्हणून आठातून तीन काढले." म्हणजे प्रत्येक घरात मोठ्यातून लहान वजा! 63 चं तुरीच्या दाण्यांच्या दहा-दहाच्या पुड्या सोडून समजलं तिले. पण 402 मध्ये दशकाच्या घरी शून्य. आधी शतक मोडून दहा दशक, मग त्यातला एक मोडून दहा सुटे, हे दोनदा मोडणं तिच्या गळी कसं उतरवू?

फोटो अंधुक आहे, वावरातून यायले उशीर झाला. खालच्या ओळीतलंही कुठं चुकलं असंल तर सांगा.