शब्दचर्चा: 'किंमत नेतृत्व', 'खर्चातील नेतृत्व' की आणखी काही?

सदाफुली
वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या टिपणांचे मराठी मी तपासत आहे. मायकेल पोर्टर यांनी 1980 मध्ये मांडलेल्या तीन स्पर्धात्मक व्यूहरचनांपैकी कॉस्ट लीडरशिपला त्यात 'किंमत नेतृत्व', डिफरन्सिएशनला 'विभेदीकरण' आणि फोकसला 'केंद्रीकरण' असे शब्द योजले आहेत. पुढे स्वाध्यायात 'पुढील कंपनी कोणती व्यूहरचना अनुसरते ते ओळखा' असा प्रश्न असून नमुना उत्तर 'तिकीट स्वस्त आहे, म्हणून किंमत नेतृत्व' असे दिले आहे. हे उत्तर मला खटकते, पण दोष शब्दात आहे की समजुतीत, हे ठरवता येत नाही.

औषधवाला
या तिन्हींना मिळून 'जेनेरिक' म्हणतात असे वाचले. आमच्या दुकानात जेनेरिक म्हणजे ब्रँडच्या नावाशिवाय, मूळ द्रव्याच्या नावाने विकले जाणारे स्वस्त औषध. मग स्वस्त विकणे हीच जेनेरिक व्यूहरचना झाली ना? उरलेल्या दोन त्यात कशा बसतात?

जुना हिशेबनीस
औषधवाले साहेब, इथे त्या शब्दाचा स्वस्ताईशी संबंध नाही. कोणत्याही उद्योगाला लागू पडणारे मूळ प्रकार, एवढाच त्याचा अर्थ आहे. मराठीत 'मूलभूत व्यूहरचना' म्हटले की गोंधळ उरत नाही.

सदाफुलीताई, तुमच्या प्रश्नात दोष शब्दातच आहे आणि तिथूनच तो समजुतीत उतरला आहे. 'किंमत नेतृत्व' ही अर्थशास्त्रातली वेगळी संज्ञा आहे. मोजके विक्रेते असलेल्या बाजारात एक कंपनी भाव जाहीर करते आणि बाकीच्या तिच्यामागून आपले भाव बदलतात, त्याला ते नाव आहे. पोर्टर यांचा मुद्दा ग्राहक काय मोजतो हा नसून कंपनीला वस्तू किंवा सेवा पुरवायला काय पडते हा आहे. किंमत आणि खर्च यांची गल्लत झाली की स्वस्त विकणारा प्रत्येक जण या व्यूहरचनेत जाऊन बसतो, मग तो तोट्यात विकत असला तरी.

प्राजक्त
मग 'खर्चातील नेतृत्व' म्हणावे. इंडिगोचे उदाहरण सर्वांना माहीत आहे: तिकीट नेहमी सर्वांत स्वस्त, जेवण विकत, म्हणून खर्चातील नेतृत्व.

जुना हिशेबनीस
कंपनी तुम्ही योग्य निवडलीत, कारण मात्र अर्धेच बरोबर आहे. इंडिगोचे तिकीट नेहमी सर्वांत स्वस्त नसते. गर्दीच्या दिवसांत ते चांगलेच महाग असते. तिचे वैशिष्ट्य पाहायचे तर तिने काय नाकारले ते पाहावे. 2005 मध्ये तिने एअरबस ए320 जातीच्या 100 विमानांची मागणी एकदम नोंदवली, 2006 च्या ऑगस्टमध्ये उड्डाणे सुरू केली आणि 2017 मध्ये एटीआर विमाने येईपर्यंत एकाच जातीच्या विमानांवर काम चालवले. त्यामुळे वैमानिकांचे प्रशिक्षण, सुटे भाग, दुरुस्तीचे कसब हे सगळे एकाच प्रकारचे लागले. एका विमानातले कर्मचारी ऐन वेळी दुसऱ्या विमानावर पाठवता आले, आणि एकाच वर्गाच्या आसनांमुळे विमान जमिनीवर कमी वेळ थांबवता आले. यांतला एकेक निर्णय साधा दिसतो, पण सगळे एकाच दिशेने ओढतात, आणि ओळखण्याची खूण तीच आहे.

आता याच्याशेजारी एअर डेक्कन ठेवा. 2003 मध्ये सुरू झालेल्या या कंपनीने एक रुपयाचेही तिकीट विकले. सर्वसामान्यांना विमानात बसवण्याचे तिचे काम मोठेच होते, पण तिच्या ताफ्यात एटीआर आणि ए320 अशा दोन्ही जाती होत्या आणि तोटा वाढत गेला. किंमत खाली होती, खर्च तेवढा खाली नव्हता. तुमच्या नमुना उत्तराप्रमाणे मात्र तिला पूर्ण गुण मिळतील.

सदाफुली
पण विद्यार्थ्याने हे अहवालातून ओळखायचे कसे? प्रत्येकाला ताफ्याची माहिती असेलच असे नाही.

जुना हिशेबनीस
विमान कंपन्यांच्या बाबतीत दोन आकडे शेजारी मांडावेत: एक आसन एक किलोमीटर नेण्याचा खर्च आणि त्याच आसन-किलोमीटरमागचे उत्पन्न. समजा, एका कंपनीचा खर्च 4.20 रुपये व उत्पन्न 4.60 रुपये आहे, आणि दुसरीचा खर्च 5.00 रुपये व उत्पन्न 5.10 रुपये आहे. हे आकडे केवळ उदाहरणासाठी आहेत. पहिलीला कमी पैसे मिळूनही तिचा नफा 40 पैसे आहे आणि दुसरीचा 10 पैसे. पहिलीचा फायदा खर्चातून आलेला आहे. उलट दुसरीचे उत्पन्न 5.60 रुपये असते, तर ग्राहक तिच्या वेगळेपणासाठी जादा पैसे मोजतात आणि ती जादा रक्कम वेगळेपणावरच्या जादा खर्चाहून मोठी आहे, असे दिसले असते. तेच डिफरन्सिएशन. केवळ सजावट, जाहिरात किंवा आदरातिथ्य पाहून ते ठरत नाही.

यात एक फसगत होते. लांब पल्ल्याच्या उड्डाणांत प्रति किलोमीटर खर्च आपोआप कमी दिसतो, कारण उड्डाण-अवतरणाचा खर्च जास्त अंतरावर विभागला जातो. म्हणून सारख्या पल्ल्याच्या कंपन्यांचीच तुलना करावी, आणि एका वर्षावर न थांबता चार-पाच वर्षे पाहावीत.

प्राजक्त
किंगफिशरने दोन्ही केले होते की. 2005 मध्ये ऐषारामी सेवा सुरू केली, मग एअर डेक्कन घेऊन 2008 मध्ये तिला 'किंगफिशर रेड' केले. दोन व्यूहरचना एकत्र चालत नाहीत, याचा हा पुरावा नाही का?

जुना हिशेबनीस
पोर्टर ज्याला मध्येच अडकणे म्हणतात, त्याचे ते उदाहरण म्हणून सांगतात खरे. एकाच नावाखाली दोन प्रकारची सेवा आल्याने जादा पैसे कशासाठी द्यायचे हे प्रवाशाला समजेना. तरी 2012 मध्ये ती बंद पडली त्याला कर्जाचा बोजा आणि इंधनाचा भाव हीही मोठी कारणे होती. शिवाय त्या वेळी परदेशी उड्डाणांसाठी देशांतर्गत सेवेची पाच वर्षे पूर्ण लागत, आणि डेक्कनची ती पूर्ण होत आली होती. म्हणजे त्या खरेदीमागे व्यूहरचनेचा गोंधळच होता, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

घाणेवाला
माझा लाकडी घाणा आहे. करडई आणि शेंगदाण्याचे तेल गिरणीच्या तेलापेक्षा बऱ्याच चढ्या भावाने विकतो, आणि गिऱ्हाईक ठरलेली अडीचशे-तीनशे घरे आहेत. माझे डिफरन्सिएशन की फोकस?

जुना हिशेबनीस
तेल वेगळे आहे हे खरे, पण फोकस ठरतो तो गिऱ्हाइकावरून. त्या घरांची अशी काही गरज आहे का, जी मोठी गिरणी सगळ्यांसाठी माल काढताना पुरवू शकत नाही? समोर काढून देणे, करडई त्यांचीच वापरणे, असे काही असेल तर तो वेगळेपणावर आधारलेला फोकस आहे. तसे काही नसून फक्त धंदा लहान असेल, तर लहानपणाला फोकस म्हणता येणार नाही.

घाणेवाला
काही जण स्वतःची करडई आणून देतात, बरेच जण नुसते डबा घेऊन जातात. म्हणजे निम्मे-निम्मे.

सदाफुली
आता शब्दांकडे येते. 'खर्चातील नेतृत्व' वाचताना मराठी कानाला सर्वांत जास्त खर्च करणारा असाच अर्थ लागतो. खर्चात आघाडीवर कोण, असे विचारले तर आपण उधळ्याचे नाव घेऊ. म्हणून 'किमान खर्चाची आघाडी' करते. 'विभेदीकरण' ऐवजी 'वेगळेपणाची व्यूहरचना' पुरेशी वाटते. 'केंद्रीकरण' तर काढावेच लागेल, कारण त्याचा अर्थ सत्ता एका ठिकाणी गोळा होणे असा रुळला आहे.

प्राजक्त
फोकससाठी 'एकाग्रता' घ्या.

जुना हिशेबनीस
एकाग्रता मनाची असते. बाजाराचा तुकडा निवडल्याचा अर्थ त्यात येत नाही. 'मर्यादित बाजाराची व्यूहरचना' मला जवळची वाटते, पण 'मर्यादित' शब्दात नाइलाजाची छटा आहे आणि इथे तर निवड आहे.

घाणेवाला
आमच्याकडे 'बांधील गिऱ्हाईक' म्हणतात. त्यातून काही शब्द निघतो का ते पाहावे.

सदाफुली
गिऱ्हाईक बांधील असणे हा निवडीचा परिणाम झाला, निवड नव्हे. तरी शब्द टिपून ठेवते. तूर्त फोकस तसाच देवनागरीत ठेवते, आणि नमुना उत्तर आजच बदलते.