साडेतीन माणसं गेली कुठं?

ए-१०१ काका: २६ जानेवारीला सकाळी साडेसातला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून उभा होतो. आपल्या फेसबुक पेजच्या कव्हर फोटोत माझा फक्त डावा खांदा आहे. ए विंगवर राग असेल तर तोंडावर सांगा.

सेक्रेटरी: काका, माझ्याकडे व्यवस्थित दिसतंय. २२ च्या २२ जण आहेत.

बी-३०४: पाणी आज आहे का उद्या?

सी-२०२ ताई: नाही हो साहेब, दुसऱ्या टोकाला आमचे हे पण नाहीत.

सेक्रेटरी: माझ्याकडे व्यवस्थित दिसतंय. फोटोवर बोट दाबून उघडा, पूर्ण येतो.

ए-१०१ काका: म्हणजे मला बघायचं तर लोकांनी दाबून बघायचं! तीन वर्षं खजिनदारी केली, तेव्हाही असंच कोपऱ्यात ठेवलं होतं.

सी-४०१ वहिनी: काका, तो विषय मिटलाय. 🙏

बी-२०३ दादा: साहेब, कव्हर ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून लावलं ना?

सेक्रेटरी: हो. का?

बी-२०३ दादा: मग दोघंही खरं बोलताय. कव्हरची चौकट कॉम्प्युटरवर ८२० बाय ३१२ पिक्सेल असते, लांबट पट्टी. मोबाइलवर ६४० बाय ३६०, म्हणजे जास्त उभट. तुम्ही बरोब्बर पट्टीच्या मापात कापलं. मोबाइल तीच पट्टी उंचीला पुरवून घेतो, मग रुंदीला ८२० पैकी ५५५ च उरतात. दोन्ही बाजूंनी १३२-१३२ गेले. २२ माणसं कडेपासून कडेपर्यंत उभी, हिशोब करा. प्रत्येक बाजूची साडेतीन माणसं.

सी-१०३: साडेतीन 😂 अर्धे म्हणजे काकाच!

ए-१०१ काका: हसा.

सेक्रेटरी: पण माझ्याकडे व्यवस्थित दिसतंय.

सी-४०१ वहिनी: मग फोटो थोडा बारीक करून परत लावा की.

बी-२०३ दादा: नुसतं बारीक करून भागत नाही वहिनी. चौकट आपोआप भरून घेतली जाते. ८२० बाय ३६० चा फोटो करायचा आणि माणसं, झेंडा सगळं मधल्या ६४० बाय ३१२ मध्ये बसवायचं. बाजूचे ९०-९० मोबाइल खातो, वर-खाली २४-२४ कॉम्प्युटर खातो. मधलं दोन्हीकडे वाचतं.

बी-३०४: पाणी आज आहे का उद्या? कुणी तरी सांगा.

सी-२०२ ताई: पण आपल्या फोटोत बाजूला जागाच नाही. आमचे हे पार कडेला आहेत.

बी-२०३ दादा: तीच अडचण. फोटो काढणाऱ्यानं चार पावलं मागं जायला पाहिजे होतं.

सी-१०३: मागं स्कूटर होत्या. कुणाच्या ते बोलत नाही.

ए-२०४: बोला की. पार्किंगचं पण होऊन जाऊ दे.

सी-४०१ वहिनी: कृपया विषयावर या. 🙏

बी-२०३ दादा: मूळ फोटो ४००० रुंद आहे. ही रांग मधल्या ६४० मध्ये बसवायची तर एकूण रुंदी ५१२५ लागते, म्हणजे दोन्ही बाजूंना ५६२ ची पट्टी जोडायची. उंची २२५० ठेवतो. झेंड्याच्या टोकावर आणि चपलांच्या खाली दीडदीडशे सोडतो, तेवढं कॉम्प्युटरवर जाणार. पट्टीला साधा रंग देऊ का?

सी-२०२ ताई: आपल्या चादरीचा काठ लावा ना, मोराचा!

बी-२०३ दादा: लावतो. पण मोर मोबाइलवर दिसणार नाही, आधीच सांगतो. पट्टी कापली जाण्यासाठीच आहे. कॉम्प्युटरवर मात्र पेजचा गोल फोटो डावीकडं खाली कव्हरवर चढतो, तो थोडाफार मोरावर बसेल.

ए-१०१ काका: आणि ग्रुपच्या डीपीचं काय? त्यात सोसायटीच्या पाटीची पहिली दोन आणि शेवटची दोन अक्षरं गायब आहेत.

बी-२०३ दादा: तिथं चौकोन लावला तरी गोल दिसतो, चारही कोपरे जातात. गोलात पुरता मावणारा चौकोन रुंदीच्या ७० टक्केच असतो. ६४० च्या डीपीत साधारण ४५०. पाटी त्यात बसवली तर यादीत अक्षरं तिळाएवढी होतील, आणि नाव शेजारी लिहिलेलंच असतं. पाटी काढून नुसतं गेट ठेवू.

सेक्रेटरी: पाटीला साडेचार हजार दिलेत.

ए-२०४: ते बिल अजून ग्रुपवर आलं नाही.

(दीड तासानंतर)

बी-२०३ दादा: नवीन कव्हर लावलं. एकदा मोबाइलवर बघा, एकदा कॉम्प्युटरवर.

सी-२०२ ताई: आले! आमचे हे आले!

ए-१०१ काका: आलो. पण सगळेच बारीक झालो.

बी-२०३ दादा: एवढ्या सगळ्यांना घ्यायचं तर तसंच होणार काका.

सेक्रेटरी: माझ्याकडे व्यवस्थित दिसतंय.

बी-३०४: पाणी???