फोडणीचा वास का सोसत नाही?

"सुनेला सातवा आठवडा चालू आहे. कांदा-लसूण मसाला तिच्या जिवाभावाचा, आता फोडणी बसली की उमासे. पित्त असेल का?"

पित्त नव्हे ताई. वारेतून जीडीएफ१५ नावाचं संप्रेरक आईच्या रक्तात उतरतं आणि मेंदूतल्या उलटीच्या केंद्राला चाळवतं. २०२३ च्या संशोधनात दिसलं, की गरोदरपणाआधी ज्यांच्या रक्तात ते कमी असतं त्यांना ही अचानक वाढ जास्त बाधते. म्हणून दोन जावांचंही सारखं नसतं. उमासा आला तेव्हा नाकात जो वास होता, त्यावरच मेंदू बहुधा आळ घेतो. मला तर सांगलीत राहून भडंग नकोसं झालं होतं! नवव्या आठवड्याच्या आसपास त्रास शिगेला जातो, मग बहुतेकींचा ओसरतो. पण पाणीही टिकेना, आठ तास लघवीच नाही, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.