मदत हवी आहे: 5 गाईंच्या गोठ्यासाठी कर्ज, हप्ता दुधातून निघेल का?

रानवारा_सांगोला:
नमस्कार मंडळी, घरची 3 एकर, बोअरला पाणी बरं आहे, आई आणि मी दोघं करणार. 5 एचएफ गाई घ्यायच्या म्हणतोय. बँकेसाठी प्रोजेक्ट रिपोर्ट करून घेतला त्यात गोठा 3 लाख, गाई 90 हजारांप्रमाणे साडेचार लाख, मिल्किंग मशीन आणि कडबाकुट्टी मिळून 50 हजार, म्हणजे 8 लाख. त्यातले 1 लाख माझे, 7 लाख कर्ज, 11 टक्के, 5 वर्षं, हप्ता 15,200 च्या आसपास. उत्पन्न धरलंय 5 गाई गुणिले 18 लिटर गुणिले 33 रुपये, महिन्याला 89 हजार. पेंड चारा जाऊन निम्मे तरी राहतील ना? कुठं चुकत असेल तर सांगा, सही करायच्या आधी.

माऊली77:
भाऊ कर्ज कशाला एवढं, नाबार्डची सबसिडी आहे की 25 टक्के. माझ्या मेहुण्याने घेतली होती, डायरेक्ट नाबार्डला अर्ज कर.

संकलन_केंद्र:
माऊली, ती जुनी डेअरी योजना होती, बंद झाली. आणि तेव्हाही कर्ज बँकच द्यायची, नाबार्ड शेतकऱ्याला थेट देत नाही. रोजगार हमीतून गोठ्याला पैसे मिळतात ते मात्र खरंय, ग्रामपंचायतीत विचारा.

आता रानवारा, तुमचा रिपोर्ट ज्याने केला त्याने गाय 365 दिवस 18 लिटर देते असं धरलंय. 18 हा वरचा आकडा, व्याल्यानंतर दीड-दोन महिन्यांत येतो आणि मग उतरत जातो. माझा ठोकताळा असा की वरच्या आकड्याला 200 ने गुणायचं, म्हणजे एका वेताचं 3,600 लिटर. दोन वेतांत 400 दिवसांचं अंतर धरा, कारण आटवायचे 2 महिने असतात आणि एखादी गाय उलटतेच. मग सरासरी पडली रोज 9 लिटर. पाचांचे 45 लिटर, महिन्याला साडेचव्वेचाळीस हजार, तुमच्या बरोब्बर निम्मे. पेंड आणि घरचा चारा मिळून गाईला दिवसाचे 188 रुपये धरले तरी 28 हजार गेले, औषध-लाईट-विमा 3 हजार. उरले 13 हजार आणि हप्ता 15 हजार! तोही 33 रुपये भाव टिकला तर. उन्हाळ्यात एसएनएफ साडेआठच्या खाली आला की आमच्या मशीनवर भाव कापलाच जातो, मग शिव्या आम्हाला.

रानवारा_सांगोला:
बाप रे. मग करूच नको का?

अक्का_फलटण:
करा की, पण तीन लाखांचा गोठा कशाला बांधताय. आमच्याकडे मुक्त गोठा आहे, वर पत्र्याचं छप्पर 200 फूट, गाईला 40 फूट पडतं, पुढं 500 फूट मोकळं जाळीचं कंपाउंड, गव्हाण आणि तिच्यापुढं कोबा. सवा लाखाच्या आत झालं होतं, पाईप जुना घेतला. मशीन पाच गाईंना नकोच, दोघं जण हाताने काढता. कुट्टी 30 हजार. म्हणजे 6 लाखांत बसतंय, 5 लाख कर्ज, हप्ता 10,870. तेराच्या खाली आला बघा. खत धरलेलं नाही त्यात, ते वेगळं.

दुसरं, पाचही गाई एकदम आणू नका. एकदम व्यालेल्या आणल्या तर एकदमच आटणार आणि दोन महिने दूध पगार शून्य, हप्ता तर चालूच. 3 आता, 2 सहा महिन्यांनी.

म्हैसप्रेमी:
मी तर म्हणतो मुऱ्हा घ्या. माझ्या 2 म्हशी आहेत, घरोघर 70 ने रतीब जातो, केंद्राचं तोंड बघत नाही.

संकलन_केंद्र:
रतीबाला गिऱ्हाईक गावात आहे का ते बघावं लागेल ना. विचारलंय गाईंबद्दल.

अक्कांचं पटलं. गाय घेताना एक करा, लोणीच्या बाजारात घ्या नाहीतर गोठ्यावर, पण संध्याकाळ-सकाळ-संध्याकाळ अशा तीन धारा समोर काढून घ्या. एक धार चुकवून दूध तुंबवून आणतात, कास भरलेली दिसते आणि आपण 18 म्हणून पैसे मोजतो. पहिल्या धारेला स्वतः बसा, चारही सडांची पहिली पिळ काळ्या कापडावर घ्या, गुठळी दिसली तर दगडीची शंका धरा आणि सोडा ती गाय. दुसऱ्या वेताची बरी. आणि कानातला विम्याचा बिल्ला पडला तर त्याच दिवशी कळवा, बिल्ला नसेल तर क्लेम अडतो.

रानवारा_सांगोला:
बँकेत जाऊन आलो. मॅनेजर म्हणाले दोन टप्प्यांत कर्ज देता येईल पण दुसऱ्या टप्प्याआधी पहिल्या गाईंचे 6 महिन्यांचे दूध पगाराचे उतारे लागतील. हप्ता केंद्राच्या पगारातून दर 10 दिवसांनी कापला तर चालेल का असंही विचारतायत. कुणी असं केलंय का? कापून उरलेल्यात पेंडीचं उधार भागतं का?

अक्का_फलटण:
आमचं कापूनच येतं. पेंडवाल्याला आधीच सांगून ठेवलंय, पगार झाला की पैसे, मध्ये मागायचे नाहीत. तुमचा पेंडवाला ऐकणारा आहे का, ते तुम्हालाच माहीत.