मदत हवी आहे: आईची हिस्टेरोस्कोपी आणि बायोप्सी, भूल घेऊन की ओपीडीत?
नमस्कार मैत्रिणींनो, आई ५८ ची, पाळी जाऊन बरीच वर्षं झाली आणि आता परत अंगावरून रक्त जायला लागलंय. सोनोग्राफीत गर्भाशयाचं अस्तर ९ मिमी आलं, पाळी गेल्यावर ते ४ च्या वर असेल आणि ब्लीडिंग असेल तर तुकडा तपासावाच लागतो म्हणे.

सोलापुरातल्या एका मॅडम म्हणाल्या ओपीडीतच बारीक प्लास्टिकची नळी आत घालून अस्तर ओढून घेऊ, पाच मिनिटांचं काम, पाळीसारखी जोरात कळ येईल, तासभर आधी पेनकिलर घ्यायची. पण आत पॉलिप, म्हणजे अस्तरावरचा छोटा कोंब, असला तर सुटू शकतो ना, नळी आंधळेपणाने फिरते. दुसऱ्या डॉक्टर म्हणतात हिस्टेरोस्कोपीच करा, सलाईनने गर्भाशय फुगवून कॅमेऱ्याने बघायचं आणि दिसेल तिथलाच तुकडा घ्यायचा, पण त्याला भूल, आणि आईला बीपी-शुगर दोन्ही आहे.

कुणी भूल न घेता कॅमेऱ्याची तपासणी केलीय का, कळ कितपत सहन झाली? आणि रिपोर्टमध्ये 'हायपरप्लेझिया विदाऊट एटिपिया', म्हणजे अस्तर वाढलंय पण पेशी विचित्र नाहीत, असं आलं तर गोळ्यांवर भागतं पण 'एटिपिया', म्हणजे पेशी विचित्र, असेल तर पिशवी काढायला सांगतात, हे बरोबर ना? 'सॅम्पल अपुरं' आलं तर कुणाला परत करावं लागलं का? प्लीज सांगा, आई खूप घाबरलीय.