मदत हवी आहे: आईने स्टिरॉइडच्या गोळ्या एकदम बंद केल्यात

नदीकाठ: आईला संधिवातासाठी प्रेडनिसोलोन २० एमजी रोज सकाळी एक, अशी सात आठवडे चालू होती. तोंड सुजलं, शुगर वाढली म्हणून तिने सोमवारपासून कोणालाच न विचारता गोळ्या सोडल्या. आज पाचवा दिवस, अंगात त्राण नाही, सकाळपासून दोनदा उलटी, उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी येते, बीपी ९०/६०, सांधेपण परत दुखायला लागलेत. शेजारच्या काकू म्हणतात स्टिरॉइड सुटताना असं होतंच, दोन दिवस कळ काढा. काढू का?

पिंपळपान: मला दम्यासाठी ४० एमजी पाच दिवस देतात आणि सहाव्या दिवशी सरळ बंद, कधी काही झालं नाही. मीठसाखरपाणी द्या, येईल हुशारी.

वॉर्डवाला: कळ काढू नका, आत्ता कॅज्युअल्टीत न्या आणि दारातच सांगा की सात आठवड्यांचं स्टिरॉइड एकदम बंद झालंय. किडनीच्या डोक्यावर दोन छोट्या ग्रंथी असतात, त्या रोज साधारण ४-५ एमजी प्रेडनिसोलोनच्या तोडीचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, बनवतात. आईंना बाहेरून त्याच्या चौपट मिळत होतं म्हणून मेंदूने त्या ग्रंथींना काम सांगणंच सोडलं. आता गोळी थांबली तरी त्या लगेच जाग्या होत नाहीत, आठवडे लागतात, कधी महिने, आणि तोवर बीपी धरून ठेवायला कोणी नाही. पिंपळपान, पाच दिवसांचं तुमचं बरोबर आहे, पण तीन आठवड्यांच्या पुढे गेलं की तो हिशोब चालत नाही. आणि असे कोर्स तुम्ही वरचेवर घेत असाल तर तुमच्याही डॉक्टरांना विचारा.

मी_साताऱ्याची: माझ्या गोरं होण्याच्या क्रीममध्ये स्टिरॉइड निघालं, बंद केल्यापासून गाल नुसते जळतायत, हे तेच का?

वॉर्डवाला: ते बहुतेक कातडीचं, वेगळं प्रकरण आहे ताई, स्किनवाल्यांना दाखवा.

नदीकाठ: ॲडमिट केलं. सोडियम कमी निघालं, हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन आणि सलाईन दिलं, रात्री तिने स्वतःहून चहा मागितला!! आता परत २० चालू, मग दर दोन आठवड्यांनी १५, १०, ७.५, ५ आणि तिथून महिन्याला फक्त १ एमजी कमी. शेवटी एवढं हळू का पण?

वॉर्डवाला: २० चे १५ केले तरी ते शरीराच्या गरजेपेक्षा जास्तच असतं, ग्रंथींना कळतसुद्धा नाही. ५ च्या खाली आलात की उरलेलं त्यांनाच बनवावं लागतं, खरी परीक्षा तिथे. मध्येच सकाळी आठच्या सुमारास, त्या दिवशीची गोळी घ्यायच्या आधी, कॉर्टिसॉल तपासतील आणि त्यावर पुढचं ठरवतील. तोवर ताप आला तर डोस तात्पुरता वाढवावा लागतो, किती ते आजच लिहून घ्या. उलट्यांनी गोळी पोटात टिकत नसेल तर घरी थांबायचं नाही.

नदीकाठ: आणि सांधे? ते आजाराने दुखत होते की गोळी सुटल्यामुळे?

वॉर्डवाला: दोन्हीने दुखू शकतात. सांध्याला सूज होती का, सकाळी तासभर आखडायचे का? तसं असेल तर आजाराकडे कल जातो, पण इथून खात्रीने नाही सांगता येणार.

नदीकाठ: सूज होती बहुतेक, तेव्हा नीट बघितलंच नाही मी. विचारते तिला.